जानेवारीच्या पगारातले पंचवीस हजार गेले कुठे?

प्रश्न: नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला भाड्याने राहते, नोकरी लोअर परळला. महिन्याचा एकूण पगार १,२०,००० रुपये. त्यात बेसिक ६०,०००, एचआरए ३०,०००, बाकी स्पेशल अलाउन्स. एप्रिल ते डिसेंबर दर महिन्याला खात्यात १,०३,७४३ रुपये येत होते. जानेवारीत ७८,०७२ आले. फेब्रुवारी-मार्चमध्येही असंच होणार म्हणे. एचआरला विचारलं तर ‘प्रूफ व्हेरिफिकेशन’ एवढंच उत्तर. पीपीएफ, एलआयसी, मेडिक्लेम सगळ्याच्या पावत्या मी दिल्यात. घरभाडं २८,०००, त्याच्याही पावत्या दिल्या. फक्त घरमालकीणबाई पॅन द्यायला तयार नाहीत म्हणून तो रकाना रिकामा सोडला. पण एका रिकाम्या रकान्याचे पंचवीस हजार? आणि बारा लाखांपर्यंत कर नाही असं बजेटमध्ये सांगितलं होतं, त्याचं काय झालं? — एक वाचक, मुलुंड

उत्तर: हो, रकाना एकच आणि पंचवीस हजार त्याचेच. पण तुमचं खरं नुकसान त्या रकान्यात नाही. ते गेल्या एप्रिलमध्ये तुम्ही एचआरच्या पोर्टलवर ‘ओल्ड रेजीम’समोर, म्हणजे कर मोजायच्या जुन्या पद्धतीसमोर, जी टिक केली, तिथे आहे. आधी रकान्याचं सांगतो, मग त्या टिककडे येतो.

डिसेंबरची आणि जानेवारीची पगार स्लिप शेजारी शेजारी ठेवा. डावीकडची कमाईची बाजू जशीच्या तशी असेल. उजवीकडे पीएफचे ७,२०० तेच, प्रोफेशन टॅक्सचे २०० तेच. बदललेली ओळ एकच: इन्कम टॅक्स किंवा टीडीएस. डिसेंबरमध्ये तिथे ८,८५७ असतील आणि जानेवारीत ३४,५२८. तुम्ही आकडा कळवला नसलात तरी तुमच्या पगारावरून तो एवढाच निघतो. (फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्स २००ऐवजी ३०० कापला जाईल. तो महाराष्ट्रात सगळ्यांचाच दर फेब्रुवारीत कापला जातो, त्यावरून एचआरशी नवं भांडण काढू नका.)

आता ८,८५७चे ३४,५२८ कसे झाले ते पाहू. पगारावरचा कर वर्षाचा असतो, महिन्याचा नसतो. एप्रिलमध्ये पेरोलवाला तुमचा वर्षभराचा पगार अंदाजाने मांडतो, तुम्ही जाहीर केलेल्या वजावटी त्यातून काढतो, उरलेल्यावर कर लावतो आणि त्याचे बारा हप्ते करतो. एप्रिलमध्ये तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो, जानेवारीत कागद मागतो. मी स्वतः बरीच वर्षं पगारपत्रकं काढली आहेत. जानेवारीचा पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर जी रांग लागायची, तिच्यातल्या प्रत्येकाच्या हातात पिवळ्या हायलायटरने टीडीएसची ओळ रंगवलेली स्लिप असायची आणि दर तिसऱ्या माणसाची तक्रार तुमचीच असायची.

तुमचं गणित असं. वर्षाचा पगार १४,४०,०००. जुन्या पद्धतीत त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, प्रोफेशन टॅक्स २,५००, ८०सीचे दीड लाख (यात तुमचा पीएफच ८६,४०० आहे, उरलेलं पीपीएफ आणि एलआयसीने भरलं असं धरतो) आणि मेडिक्लेमचे २५,००० वजा होतात. मग येतो एचआरए. तीन रकमांपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त होते: प्रत्यक्ष मिळालेला एचआरए, भाड्यातून बेसिकचे दहा टक्के वजा केल्यावर उरलेली रक्कम, आणि बेसिकचे पन्नास टक्के. तुमच्या बाबतीत मधली सर्वांत लहान. २८,०००मधून ६,००० गेले, राहिले २२,००० महिना, म्हणजे वर्षाला २,६४,०००.

जाता जाता एक. ते पन्नास टक्के ऑफिस कुठे आहे यावर ठरत नाहीत, घर कुठे आहे यावर ठरतात. मुलुंडच्या चेकनाक्याच्या अलीकडे घर असेल तर मुंबई, म्हणून पन्नास. पलीकडे ठाण्यात गेलात की चाळीस. तुमची मैत्रीण नाक्यापलीकडे राहत असेल आणि ‘मी पण मुंबईतच कामाला’ म्हणून पन्नास टक्के धरत असेल, तर तिला हे दाखवा. तुम्हाला याने फरक पडत नाही, कारण २२,००० हे चाळीस टक्क्यांपेक्षाही, म्हणजे २४,०००पेक्षाही, कमीच आहेत.

तर सगळं वजा करून करपात्र उत्पन्न ९,४८,५००, त्यावर सेससकट कर १,०६,२८८. त्याचा बारावा भाग ८,८५७. डिसेंबरपर्यंत दर महिन्याला कापला जात होता तो हाच.

जानेवारीत तुमची फाइल तपासायला बसलेल्या माणसाला पावत्या दिसल्या, पण पॅन दिसला नाही. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन कंपनीला देणं सक्तीचं आहे. तुमचं भाडं ३,३६,०००. पॅन नाही म्हटल्यावर त्याने एचआरएची सूट पूर्ण काढून टाकली, ‘थोडी तरी देऊ’ असा मधला मार्ग त्याच्याकडे नसतो. यात त्याचा दुष्टपणाही नाही. कर कमी कापला गेला तर त्यावरचं व्याज कंपनीकडून वसूल होतं, म्हणून तो घाबरून राहतो.

सूट गेली आणि २,६४,००० परत करपात्र झाले. उत्पन्न १२,१२,५०० वर गेलं आणि दहा लाखांची रेघ ओलांडल्यामुळे वाढलेल्या रकमेचा मोठा भाग थेट तीस टक्क्यांत पडला. नवा कर १,८३,३००. म्हणजे ७७,०१२ जास्त. हेच एप्रिलमध्ये कळलं असतं तर महिन्याला साडेसहा हजारांच्या आत भागलं असतं. आता वर्षाचे तीनच पगार उरलेत, म्हणून सगळी फट त्या तिघांवर आली: महिन्याला २५,६७१. तुमच्या दोन स्लिपांमधला फरक काढा, अगदी एवढाच येईल. नाही आला, तर दुसरंही काहीतरी नाकारलं गेलंय असं समजा आणि एचआरकडे ‘टॅक्स कॉम्प्युटेशन शीट’ मागा. ‘प्रूफ व्हेरिफिकेशन’ या दोन शब्दांवर परत येऊ नका. त्या शीटमध्ये प्रत्येक वजावटीसमोर ‘जाहीर केलेली’ आणि ‘मान्य झालेली’ असे दोन आकडे असतात. तुमच्या शीटमध्ये एचआरएसमोर दुसऱ्या रकान्यात शून्य असणार.

रकान्याची गोष्ट झाली. आता टिक.

एप्रिलमध्ये तुम्ही जुनी पद्धत निवडली, कारण त्याच्या आदल्या वर्षीही तीच होती, बरोबर? आणि आदल्या वर्षी ती बरोबरही होती. पगार आणि वजावटी याच धरल्या तर २०२४-२५मध्ये नव्या पद्धतीत तुम्हाला १,१७,५२० कर पडला असता आणि जुन्यात १,०६,२८८. जुनी अकरा हजारांनी स्वस्त. पण फेब्रुवारी २०२५च्या बजेटने नव्या पद्धतीचे टप्पे बदलले. पहिले चार लाख करमुक्त, पुढच्या चार लाखांवर पाच टक्के, त्यापुढच्या चारवर दहा, त्यापुढच्या चारवर पंधरा. जुन्या पद्धतीला हातही लावला नाही. तुमच्या पगारातून नव्या पद्धतीत ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन जातं आणि करपात्र १३,६५,००० राहतात. त्यावर २०,००० अधिक ४०,००० अधिक २४,७५०, सेस धरून ८८,१४०.

म्हणजे मालकीणबाईंनी हसत हसत पॅन दिला असता, तुमची एकेक पावती मान्य झाली असती, तरीही जुन्या पद्धतीत तुम्ही १८,१४८ रुपये जास्तच भरत होतात. एप्रिलपासून, दर महिन्याला, आणि ते तुम्हाला टोचलं नाही कारण स्लिपवरचा आकडा हलत नव्हता. जानेवारीने ते उघडं पाडलं, एवढंच.

जुनी पद्धत तुम्हाला परवडायला हवी असेल तर तुमच्या एकूण वजावटी ५,७८,७५० व्हायला हव्यात. आत्ता त्या ४,९१,५०० आहेत. बाकी सगळं तसंच ठेवलं तर घरभाडं ३५,३००च्या आसपास असतं तेव्हा कुठे दोन्ही पारडी सारखी झाली असती. म्हणून ‘भाड्याने राहतोय ना, मग जुनीच बरी’ हा मुंबईत वर्षानुवर्षं चाललेला ठोकताळा आता आकडा मांडल्याशिवाय वापरू नये.

बारा लाखांचं तेवढं स्पष्ट करतो, कारण या एका वाक्याने खूप लोकांना फसवलंय. नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर साठ हजारांपर्यंतची रिबेट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० आधी वजा होतात, म्हणून पगार १२,७५,०००पर्यंत. तुमचा त्याच्या बराच वर आहे, म्हणून रिबेट नाही, आणि मग मोजणी बारा लाखांपासून सुरू होत नाही, चार लाखांपासून सुरू होते. शिवाय जुनी पद्धत निवडलेल्याला या रिबेटशी काही देणंघेणं नाही. तिथे ती पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नालाच मिळते.

आता करायचं काय. फेब्रुवारीचं पेरोल बहुतेक कंपन्यांत वीस तारखेच्या सुमारास बंद होतं, त्याआधी एचआरला एक मेल टाका: या वर्षासाठी मला नव्या पद्धतीने टीडीएस लावा. बऱ्याच कंपन्या वर्षाच्या मध्ये बदलू देत नाहीत, पण विचारायला काय जातं. त्यांनी मान्य केलं तर पुढचं मजेशीर आहे. जानेवारीपर्यंत तुमचे १,१४,२४४ कापून झालेत आणि वर्षाचा कर ८८,१४०. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये टीडीएस शून्य. फेब्रुवारीत हातात १,१२,५०० येतील. जे २६,१०४ जास्त कापले गेले ते रिटर्नमधून परत.

एचआर नाही म्हणाले तर मात्र पॅनचा उपयोग आहे. कर वाचवायला नव्हे, हे दोन पगार वाचवायला. पॅन मान्य झाला की जुन्या पद्धतीतला कर परत १,०६,२८८ होतो, तोही आधीच कापलेल्या रकमेपेक्षा कमी, म्हणजे या मार्गानेही फेब्रुवारी-मार्च मोकळे. नाहीतर आणखी ६९,०५६ रुपये रिफंड येईपर्यंत सरकारकडे अडकून पडतील.

आणि पॅन मागायला मालकीणबाईंच्या दारात जाण्याआधी एक करा. तुमचा नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्सचा करार कपाटातून काढा. दोन्ही पक्षांची नावं, वय, पत्ता लिहिलेलं पान असतं, तिथे मालकाचा पॅन बऱ्याचदा छापलेलाच असतो. माझ्या टेबलासमोर एकजण रडवेला होऊन उभा होता, ‘काका पॅन देत नाहीत’ म्हणत. करार त्याच्याच बॅगेत होता, दुसऱ्या पानावर काकांचा पॅन. तरीही बाईंच्या कानावर घालूनच तो वापरा. शेवटी त्याच घरात राहायचंय.

करारात नसेल, तर त्यांची भीती काय आहे ते समजून घ्या. त्यांना वाटतं, पॅन दिला की भाड्यावर कर बसेल. भाड्याच्या उत्पन्नातून आधी भरलेला मालमत्ता कर आणि मग सरसकट तीस टक्के वजा होतात, पावती न दाखवता. तुमच्या ३,३६,०००पैकी करपात्र फार तर २,३५,२०० धरले जातील. बाईंचं पेन्शन, बँकेचं व्याज सगळं मिळून करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल, तर नव्या पद्धतीत त्यांना कर शून्यच. त्यांना फक्त रिटर्न भरावं लागेल. हे शांतपणे चहा पीत सांगितलं तर पुष्कळदा पॅन मिळतो. त्यांच्याकडे पॅन कार्डच नसेल तर नाव-पत्त्यासह तसं लेखी देता येतं, तो नमुना एचआरकडे असतो.

भावाचा पॅन, मैत्रिणीच्या आईचा पॅन, इंटरनेटवरून उचललेला पॅन, यातलं काहीही लिहू नका. तो पॅन ज्याचा आहे त्याच्या रिटर्नमध्ये भाडं दिसत नाही म्हटल्यावर नोटीस तुम्हालाच येते, आणि चुकीची माहिती देऊन बुडवलेल्या करावरचा दंड त्या कराच्या दुप्पट असतो.

समजा यातलं काहीच जमलं नाही आणि मार्चपर्यंत १,८३,३०० कापले गेले. तरी पैसे बुडत नाहीत. पगारातून टीडीएस कोणत्या पद्धतीने कापला यावर तुमचा अंतिम कर ठरत नाही, तो रिटर्नमध्ये ठरतो. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या माणसाला रिटर्न भरताना पद्धत बदलता येते. १५ जूनपर्यंत कंपनीकडून फॉर्म १६ मिळेल. त्यात जुन्या पद्धतीची मोजणी दिसेल, गोंधळू नका. ३१ जुलैच्या आत रिटर्न भरा. त्यात नव्या पद्धतीतून बाहेर पडायचंय का, अशा अर्थाचा प्रश्न येतो. त्याचं उत्तर ‘नाही’. प्रश्नच उलटा विचारलाय, त्यामुळे घाईत ‘हो’ करणारे खूप. ‘नाही’ केलंत की ८०सी, मेडिक्लेम सगळं स्क्रीनवरून गायब होईल आणि पोटात गोळा येईल, पण खालचा कराचा आकडा ८८,१४०च्या आसपास असला की बरोबर चाललंय असं समजा. बँकेचं व्याज असेल तर तेवढा तो वाढेल. रिफंड ९५,१६० निघेल. मुदतीत भरलेल्या रिटर्नच्या रिफंडवर १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याजही मिळतं, म्हणजे महिन्याला पावणेपाचशेच्या घरात. ते व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं असतं, सरकार एका हाताने देतं ते असं.

मध्येच आयकर खात्याच्या पोर्टलवर २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून ‘जानेवारीचे ३४,५२८ दिसतच नाहीत, कंपनीने खाल्ले’ असं ठरवू नका. कंपनीने पैसे पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचे असतात, पण कोणाच्या नावावर किती याचं जानेवारी ते मार्चचं विवरणपत्र द्यायची मुदत ३१ मे आहे. त्यानंतर काही दिवसांनी पाहा. जूनच्या मध्यापर्यंतही दिसले नाहीत, तर मात्र एचआरला लेखी विचारा.

एप्रिलमध्ये एचआरच्या पोर्टलवर जुनी की नवी हा पर्याय परत येईल, दर वर्षी नव्याने येतो. काहीच निवडलं नाही तर नवीच पद्धत धरली जाते. तोवर घर बदलून भाडं वाढलं किंवा होम लोन घेतलंत, तर वरचे सगळे आकडे पुन्हा मांडायला लागतील.